‘सर्व अकाउंटिंग कामे पाहणे’ म्हणजे नक्की काय? एका जाहिरातीची उलटतपासणी

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचा ६५ माणसांचा मशीनिंगचा कारखाना आहे. अकाउंट्सच्या मॅडम नऊ वर्षांनी सोडून चालल्या आहेत, त्यांच्या जागी माणूस हवा आहे. सगळं टॅलीवर चालतं, रिटर्न बाहेरचे सीए भरतात, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेर होते. तीन आठवड्यांत १४० अर्ज आले, त्यातले बोलावण्यासारखे दोन. माझ्या मनात २८ हजार पगार आहे. जाहिरात अशी आहे, यात काय चुकतंय?

“सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पाहिजे. एम.कॉम. किंवा एमबीए फायनान्स. उत्पादन क्षेत्रातील ५ ते ७ वर्षांचा अनुभव. एसएपी आवश्यक, टॅली, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल. इंग्रजीवर प्रभुत्व. डायनॅमिक, दबावाखाली काम करणारा, वेळेचे बंधन न मानणारा. वय २५ ते ३२, शक्यतो पुरुष. स्वतःची दुचाकी. कामे: सर्व अकाउंटिंग कामे पाहणे, जीएसटी व टीडीएस हाताळणे, विविध विभागांशी समन्वय, वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. पगार योग्यतेनुसार.”

उत्तर:

तुमच्या मॅडमनी आज या जाहिरातीला अर्ज केला, तर तुम्ही त्यांना बोलवाल का? त्या एम.कॉम. आहेत का, त्यांना एसएपी येतं का, आणि त्यांचं वय ३२ च्या आत आहे का, हे मला माहीत नाही, पण वयाचं उत्तर मी पैजेवर सांगू शकते. शिवाय त्या पुरुष नाहीत. म्हणजे ज्या बाईंनी नऊ वर्षं हे टेबल चालवलं, त्या तुमच्या पहिल्या चाळणीतच खाली पडतात. पिंपरी-चिंचवड भागातल्या लहान कारखान्यांसाठी माणसं शोधण्याचं काम मी बावीस वर्षं करते आहे. कुठलीही जाहिरात हातात आली की मी आधी हेच विचारते. आत्ता काम नीट करणारा माणूस जाहिरातीत बसत नसेल, तर चूक माणसात नसते.

आता त्या १४० अर्जांचं बघू. तुमची जाहिरात माणसं चाळते आहे, पण उलट्या बाजूने. फोनवर अंगठा फिरवत दिवसाला चाळीस ठिकाणी अर्ज टाकणारा ‘एसएपी आवश्यक’ हे वाचतच नाही, त्यामुळे तो अडत नाही. अडतो तो वाचणारा. बँक रिकन्सिलिएशनमध्ये वीस रुपयांचा फरक आला तर सापडेपर्यंत ज्याला चैन पडत नाही, तो माणूस ‘आवश्यक’ हा शब्दही तसाच शब्दशः घेतो. मला एसएपी येत नाही, मग खोटं कशाला लिहा, म्हणून तो पान बंद करतो. सेल्सच्या जाहिरातीत फुगवलेल्या अटी तितक्या महाग पडत नाहीत, कारण सेल्सचा माणूस अट वाचून हसतो आणि तरी फोन करतो. अकाउंट्सच्या जाहिरातीत मात्र जी माणसं हवीत तीच आधी गळतात, आणि गळलेली माणसं तुम्हाला कधी दिसतही नाहीत.

दुरुस्तीला सुरुवात अटींपासून नको, कामापासून करा. अटी फुगतात त्याचं मूळ तिथे आहे. काम काय ते लिहिताना मालकाला स्वतःलाच ते नीट माहीत नसतं, मग ती पोकळी डिग्री आणि वर्षांनी भरली जाते.

‘जीएसटी हाताळणे’ घ्या. या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या नोकऱ्या मावतात. एक, बिलं टॅलीत बरोबर चढवणं. दोन, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारी यादी, म्हणजे २-बी, आणि आपलं खरेदी रजिस्टर ओळीओळीने जुळवणं आणि ज्या पुरवठादाराचं बिल दिसत नाही त्याच्या मागे लागणं. तीन, रिटर्न स्वतः भरणं आणि नोटिशीला उत्तर देणं. तुमच्याकडे तिसरं काम सीए करतात, म्हणजे तुम्हाला पहिलं आणि दुसरं हवं आहे. जाहिरात वाचणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही. दुसरं काम उत्तम करणारी, पण कधी नोटिशीला हात न लावलेली बाई इथे थबकते, आणि फक्त बिलं चढवलेला पोरगा ‘जीएसटी? केलंय की!’ म्हणून अर्ज टाकतो. दोघंही प्रामाणिकच आहेत, शब्द तुमचा सैल आहे.

मी काम लिहून काढते ते महिन्याच्या तारखांवरून. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या कारखान्यात अकाउंट्सचं टेबल साधारण असं फिरतं: ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ पर्यंत विक्रीचं जीएसटीआर-१, १४ ला २-बी तयार होतो, १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआयसी, २० पर्यंत ३-बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न. खरी कसोटी १४ ते २० या सहा दिवसांत असते. पुरवठादाराने त्याचं बिल भरलं नसेल तर ते २-बीत येत नाही आणि त्या खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट त्या महिन्यात तुम्हाला घेता येत नाही. तेवढी रक्कम रोखीने भरावी लागते. त्या सहा दिवसांत कोणाकोणाची बिलं अडकली आहेत याची यादी काढून फोन करणारा माणूस तुम्हाला हवा आहे. हे वाक्य जाहिरातीत आलं की ज्याने हे केलं आहे तो लगेच ओळखतो, आणि ज्याने केलेलं नाही त्यालाही कळतं की आपलं इथे काम नाही.

तारखा झाल्या की टॅलीतला स्टॅटिस्टिक्सचा रिपोर्ट उघडा. कुठल्या प्रकारची किती व्हाउचर झाली ते तो सांगतो. मागच्या तीन महिन्यांचे आकडे काढा. ‘भरपूर काम असते’ यापेक्षा ‘महिन्याला साधारण ४०० खरेदी आणि २०० विक्री बिलं’ हे कितीतरी जास्त सांगतं, आणि ज्याने हजार बिलांचं टेबल सांभाळलं आहे त्याला हायसंही वाटतं. त्यानंतर मॅडमना विनंती करा की पुढचे दहा कामाचे दिवस त्यांनी दर दोन तासांनी एका ओळीत लिहावं, आत्ता काय केलं. टॅलीत न दिसणारं काम इथे सापडतं.

हे मी शिकले चिंचवडच्या बाजूच्या एका कारखान्यात. तुमच्यासारखाच, प्लेटिंग बाहेर. दीड वर्षात तिसरा अकाउंटंट सोडून गेला तेव्हा मालकांनी मला बोलावलं. त्यांच्या मते ‘आजकालची पोरं टिकत नाहीत’. मी तिसऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मी अकाउंटंट म्हणून लागलो, आणि रोज चार वाजता स्टोअरच्या दारात उभा राहून पार्ट मोजत होतो.” जाहिरातीत त्या कामाला नाव होतं, ‘विविध विभागांशी समन्वय’.

त्या मोजण्याला कारण होतं. प्लेटिंगला चलनावर गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर जीएसटीत तो पाठवलेल्या दिवसापासून विकलाच असं धरून कर मागितला जातो. शिवाय कोणाकडे किती गेला, किती परत आला याचं विवरण, आयटीसी-०४, भरावं लागतं. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर वर्षातून दोनदा, नाहीतर एकदा. म्हणजे चलनाचा हिशेब अकाउंट्सकडे असणं योग्यच होतं. पण ती चलनं टॅलीत नव्हती, एका लांबड्या वहीत होती. महिन्याला येऊन-जाऊन अडीचशेच्या घरात. ५०० पार्ट गेले, ४८८ आले, बारा कुठे, हे स्टोअरला आणि प्लेटरला रोज विचारणं, हा त्या नोकरीचा जवळपास तिसरा हिस्सा होता. हे काम आवडणारी माणसं असतात. पण बसून व्हाउचर करायला आलेल्या माणसाला ते फसवणूक वाटतं, आणि तो जातो.

आम्ही ‘समन्वय’ काढून चलनांचा आकडा आणि चार वाजताची स्टोअरची फेरी, दोन्ही स्पष्ट लिहिलं. मालकांना भीती होती की हे वाचून कोणी येणारच नाही. अर्ज खरंच कमी आले. पण त्यात एका फाउंड्रीत जॉब-वर्कच्या चलनांचंच काम केलेली एक बाई होती, आणि ती टिकली. तुमच्याकडेही हे काम असणार, कारण प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट दोन्ही बाहेर आहे. तुमच्या ‘समन्वय’च्या पोटात ते आहे का, हे मॅडमची दहा दिवसांची वही सांगेल. त्याच वहीत ग्राहकांकडे पैशांसाठी फोन करण्यात किती वेळ जातो तेही बघा. ते वेगळं कसब आहे. उत्तम हिशेब करणाऱ्या कितीतरी माणसांना समोरच्याकडे पैसे मागताना घाम फुटतो.

‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ ही ओळ सगळेच ठेवतात आणि लहान कारखान्यात ती थोडी लागतेच. पण माहीत असलेलं काम त्या ओळीत लपवू नका. बँकेत जाणं, हजेरीवरून पगारपत्रक काढणं, पेटी कॅश, मालकांच्या घरचं वीजबिल, जे ठरलेलं आहे ते लिहून टाका. वीजबिल लिहायला लाज वाटत असेल तर ते काम त्या टेबलावरून काढा.

आता अटी. प्रत्येक अटीसमोर लिहिलेल्या कामांपैकी एक काम ठेवायचं. ज्या अटीसमोर काम सापडत नाही ती जाते.

एसएपीसमोर काय ठेवाल? तुमच्याकडे टॅली आहे. माझा अंदाज असा, की ही अट तुमच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाच्या जाहिरातीतून उचललेली आहे, किंवा ग्राहकाच्या सप्लायर पोर्टलवर बिल चढवावं लागतं त्याला कोणीतरी ‘एसएपी’ म्हणालं आहे. पोर्टलवर बिल चढवणं दोन दिवसांत शिकता येतं. एसएपी खरोखर येणारा माणूस मोठ्या कंपनीचा पगार मागतो, आणि तो २८ हजारांत आलाच तर पुढच्या नोकरीपर्यंत बसायला जागा म्हणून येतो.

एम.कॉम. किंवा एमबीएसमोर तर काहीच ठेवता येणार नाही. ही फक्त आपल्याकडची गंमत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी २०१७ साली अमेरिकेतल्या जाहिराती तपासल्या, तेव्हा प्रॉडक्शन सुपरवायझरच्या ६७ टक्के जाहिरातींत कॉलेजची पदवी मागितलेली होती, आणि त्या कामावर प्रत्यक्ष असलेल्यांपैकी १६ टक्क्यांकडेच ती होती. काम तेच, फक्त दार अरुंद केलेलं. तुमच्या कामाला बी.कॉम. पुरे, आणि ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं असलं तरी पुरे. दिवसा एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकल नसलेला साधा सहायक म्हणून राबून बाहेरून पदवी घेतलेली माणसं मी मुद्दाम शोधते. त्यांनी एकाच वेळी पंधरा धंद्यांची पुस्तकं हाताळलेली असतात.

पाच ते सात वर्षं हा आकडा कुठून आला? वर्षं ही कशाची तरी खूण म्हणून आपण लिहितो. ती खूण कशाची, ते शोधायचं. तुमच्या बाबतीत मला वाटतं ती अशी: ३१ मार्चचं क्लोजिंग स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं असावं आणि ऑडिटरच्या प्रश्नांना तोंड दिलेलं असावं. मग तेच लिहा. दोन मार्च पाहिलेला तीन वर्षांचा माणूस त्यात बसतो, आणि सात वर्षं फक्त खरेदीची बिलं चढवणारा बसत नाही. वर्षांच्या अटीत नेमकं उलटं होतं.

त्यात वयाची अट मिसळली की गणित बघा. बी.कॉम. एकविसाव्या वर्षी, एम.कॉम. तेविसाव्या, वर सात वर्षं, म्हणजे तीस. ३२ ला दार बंद. एवढ्या फटीतून कोण येणार? मुलं लहान असताना तीन-चार वर्षं घरी राहून छत्तिसाव्या वर्षी परत येणारी बाई या अटीने हमखास बाहेर पडते, आणि या पगारात, या भागात, अनुभवी आणि टिकणारं माणूस मिळण्याची सगळ्यात मोठी शक्यता मला तिथेच दिसते. ‘शक्यतो पुरुष’ तर आजच काढा. भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. ‘शक्यतो’ लिहिल्याने काही वाचत नाही. बहुतेक मालक हे द्वेषाने लिहीत नाहीत. ‘उशीर झाला तर बाईमाणसाला घरी कसं पाठवायचं’ ही त्यांची काळजी असते. मग उशीर किती होतो ते लिहा, ठरवू दे तिला.

इंग्रजीसमोर काम आहे, पण लहानसं: ग्राहकाला चार ओळींचा पेमेंटचा ईमेल. ‘प्रभुत्व’ काढा आणि ईमेल लिहा. एक्सेलमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणजे कोणाला मॅक्रो वाटतात, कोणाला नुसती बेरीज. तुम्हाला २-बी जुळवण्यापुरतं व्ही-लुकअप आणि पिव्होट लागतं. दुचाकी बँकेसाठी असेल तर ती अट खरी आहे, फक्त आठवड्यातून किती फेऱ्या ते सांगा. दोनच असतील तर रिक्षाचे पैसे द्या आणि तीही अट सोडा.

सगळंच सैल करायचं असं मात्र नाही. एकदा उत्साहात मी एका स्टोअरच्या जागेसाठी ‘अनुभव नसला तरी चालेल, शिकवू’ असं लिहून घेतलं. शिकवणारं माणूस तिथे कोणीच नव्हतं, आणि अर्ज वाचण्यातच महिना गेला. तुमच्याकडे मॅडम जाणार आहेत, म्हणजे पहिल्या महिन्यानंतर शिकवणारं कोणी नाही. त्यामुळे अनुभवाच्या तीन अटी घट्ट ठेवा: टॅलीत स्वतंत्र काम, २-बी जुळवलेलं असणं आणि किमान एक मार्च क्लोजिंग. बाकी शिकता येतं.

राहिली भाषा. ‘दबावाखाली’ आणि ‘वेळेचे बंधन न मानणारा’ हे तुम्ही निष्ठेच्या अर्थाने लिहिलं असेल, पण नोकरी शोधणारा ते असं वाचतो: रोज रात्रीचे नऊ, ओव्हरटाइम नाही, आणि साहेब ओरडतात. खरं चित्र बहुतेक वेळा इतकं वाईट नसतं. १० आणि ११, १९ आणि २०, या चार दिवसांत आठ वाजतात, बाकी साडेसहाला सुट्टी, असं असेल तर तसं लिहा. आणि गुरुवार लिहा! भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की जाहिरातीत कोणी लिहीत नाही. पण पुण्यातून येणाऱ्या माणसाची मुलं रविवारी घरी असतात, नवरा किंवा बायको रविवारी घरी असते. मुलाखतीत शेवटी गुरुवार कळला की चांगली माणसं ‘विचार करून सांगते’ म्हणतात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत.

मराठीतल्या जाहिरातीला आणखी एक खोड आहे. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी जाहिरातीत स्पर्धा आणि वर्चस्व सुचवणारे शब्द जास्त असले तर बायकांना ती नोकरी कमी भावते. आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं, आपण तिथले वाटणार नाही असं वाटत होतं. इंग्रजीत हे शब्द शोधावे लागतात. मराठीत क्रियापदच सांगून टाकतं: ‘काम करणारा’, ‘न मानणारा’, ‘जबाबदारी घेणारा असावा’. सोपा उपाय म्हणजे ‘तुम्ही’. ‘तुम्ही बिलं जुळवाल’ यात बाई-पुरुष दोघं मावतात, आणि वाक्य कामाकडे वळतं. ‘डायनॅमिक’सारख्या शब्दांवर मी फार वेळ घालवत नाही. ते काढून टाका, कोणाला आठवणारही नाहीत. शब्दांपेक्षा वेळ, सुट्टी आणि पगार माणसाला जास्त अडवतात.

पगार लिहा. ‘योग्यतेनुसार’ याचा अर्थ सगळ्यांना ‘कमी’ असाच लागतो. इथल्या लोकांना कळेल ही भीती प्रत्येक मालक मला सांगतो, आणि इथल्या लोकांना ते आधीच माहीत असतं, कारण पगारपत्रक त्याच टेबलावर होतं. लिहिताना हातात किती येतात तेही लिहा. २८ हजारांतून पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापत असाल तर १,८०० जातात, व्यवसाय कर २०० जातो, म्हणजे हातात २६ हजार. फेब्रुवारीत शंभर कमी. हा एवढा हिशेब जाहिरातीत दिला की अकाउंट्सचा माणूस तुमच्याबद्दल चांगलं मत घेऊनच येतो.

नावसुद्धा बदला. ज्याच्या हाताखाली कोणी ज्युनियर नाही त्याला ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ म्हणून उपयोग नाही, आणि शोधणारे ‘अकाउंटंट’ हाच शब्द टाकतात. मी अशी लिहीन. मोकळ्या सोडलेल्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे टाका:

“अकाउंटंट, मशीनिंग कारखाना, भोसरी एमआयडीसी. कारखाना ६५ माणसांचा आहे आणि अकाउंट्सचं टेबल तुम्ही एकट्याने सांभाळाल. जाणाऱ्या सहकारी पहिला महिनाभर सोबत असतील.

काम: टॅलीत महिन्याला साधारण ___ खरेदी आणि ___ विक्री बिलं. दर महिन्याच्या १४ ते २० तारखेत २-बी आणि खरेदी रजिस्टर जुळवून, राहिलेल्या पुरवठादारांचा पाठपुरावा. जीएसटी आणि टीडीएसची माहिती तयार करून सीएंना देणं. रिटर्न आणि नोटिसा सीए बघतात. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला गेलेल्या मालाची चलनं, महिन्याला साधारण ___, यासाठी रोज एकदा स्टोअरमध्ये जावं लागतं. येणं असलेल्या ग्राहकांना आठवड्यातून दोन दिवस फोन आणि ईमेल. महिन्याचं पगारपत्रक आणि पेटी कॅश.

हे हवंच: बी.कॉम., कुठल्याही विद्यापीठाचं. टॅलीत स्वतंत्रपणे काम. २-बी जुळवल्याचा आणि किमान एक मार्च क्लोजिंग केल्याचा अनुभव. चलनांचं काम केलेलं असेल तर चांगलं, नसेल तर शिकवू. मध्ये काही वर्षं नोकरी नसली तरी हरकत नाही.

वेळ सकाळी साडेनऊ ते साडेसहा, महिन्यातले चार दिवस आठपर्यंत, तारखा आधी ठरलेल्या. सुट्टी गुरुवारी. पगार २६ ते ३० हजार. २८ हजारांना हातात साधारण २६ हजार. अर्जासोबत दोन ओळी लिहा: २-बीत न दिसणाऱ्या बिलाचं तुम्ही काय करता?”

पगाराची पट्टी मी दोन्ही बाजूंना दोन हजार सोडून दिली आहे. चलनांचं काम केलेलं माणूस मिळालं तर वरच्या टोकाला जायची तयारी ठेवा. ‘चलनं शिकवू’ हे खरं ठरायला मॅडमचा शेवटचा महिना लागणार, म्हणून त्या जायच्या निदान पाच आठवडे आधी माणूस रुजू व्हायला हवं. त्यांची शेवटची तारीख जवळ आली असेल तर ते वाक्य काढा आणि चलनांचा अनुभव ‘हवंच’मध्ये न्या. अर्ज आणखी घटतील, पण न पाळता येणारं वचन देऊ नका.

शेवटच्या प्रश्नाचा फायदा असा, की अंगठा फिरवणारे तो सोडून देतात. उत्तर लिहिणाऱ्यांमध्ये ‘पोर्टलवर चेक करतो’ इतकंच लिहिणारे एका बाजूला ठेवा. पुरवठादाराला फोन, पुढच्या महिन्यात तपासणी, आणि तोवर त्याचं पेमेंट थांबवायचं का ते मालकांना विचारणं, यातलं काहीही लिहिणारे बोलवा. मुलाखतीला आलेल्यांना वीस बिलांची एक यादी आणि तिच्या जोडीला २-बीचा तेवढाच उतारा द्या. चार ठिकाणी फरक ठेवा: एक बिलच नाही, एकात कराची रक्कम वेगळी, एकाचा जीएसटी नंबर चुकलेला, एक दोनदा आलेलं. अर्धा तास द्या. इंग्रजीवरचं प्रभुत्व आणि दबावाखालचं काम जे सांगणार नाही ते हा कागद सांगेल.

नवी जाहिरात टाकायच्या आधी मात्र ती या धंद्यातल्या, पण तुमचा कारखाना न पाहिलेल्या एखाद्याला वाचायला द्या. तुमच्या सीएंच्या ऑफिसातली एखादी सहायक चालेल. विचारा, “पहिल्या सोमवारी तू काय करशील?” तिने पुरवठादारांची यादी किंवा चलनांची वही असं काही म्हटलं तर मजकूर झाला. “साहेब सांगतील ते,” म्हणाली, तर मॅडमच्या वहीकडे परत जा, आणि त्या जायच्या आत जा.